सरासरी एफपीएस पाहावा की १% लो?

प्रश्न: एका ग्राफिक्स कार्डाची सरासरी ११० एफपीएस आणि १% लो ४८ आहे, दुसऱ्याची ९५ आणि ७६. गेम कुठल्यावर स्मूद चालेल?

उत्तर: दुसऱ्यावर. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स; त्याचं मिलिसेकंदात रूपांतर करा, म्हणजे १००० ला त्या आकड्याने भागा. पहिल्या कार्डावर एरवी फ्रेम ९ मिलिसेकंदांत येते, पण सर्वांत संथ १ टक्का फ्रेम्सना २१ च्या आसपास लागतात. मिनिटाला ६६०० फ्रेम्स, म्हणजे अशा ६६. त्या बहुधा एकत्रच येतात, नेमक्या कॅमेरा झटकन वळवताना, आणि तोच झटका डोळ्याला खुपतो. दुसऱ्यावर हाच फरक १०.५ ते १३ एवढाच; हाताला जाणवतही नाही.

सरासरी बरी आणि १% लो निम्म्याहून कमी असेल, तर आधी व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, तपासा. टेक्स्चर एक पायरी खाली आणा. सरासरी जागेवर राहून लो वर आला, तर व्हीरॅमच अपुरी पडत होती. फरक पडला नाही, तर प्रोसेसर किंवा एकच रॅम स्टिक लावलेली आहे का, ते बघा.

दोन वेगळ्या साइट्सचे लो मात्र एकमेकांशी ताडू नका. कोणी संथ १ टक्का फ्रेम्सची सरासरी देतं, कोणी फक्त त्या सीमेवरच्या फ्रेमचा आकडा; दुसरा नेहमी जास्त चांगला दिसतो.