भाव उतरतात तेव्हा गिऱ्हाईक का थांबतं

प्रिय मित्रा,

तुझा कच्चा खर्डा वाचला. ‘भाव पडले की लोक खरेदी लांबणीवर टाकतात आणि अर्थव्यवस्था मंदावते’ या एका वाक्यावर तू सगळं टिपण उभं केलं आहेस. वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे. उद्या कुणी विचारलं की टीव्ही आणि मोबाइल वर्षानुवर्षं स्वस्त होतायत, तरी त्यांची विक्री का थांबली नाही, तर तुझ्या टिपणात त्याला उत्तर नाही.

आधी भाव कशाचे, ते ठरव. लासलगावला कांदा गडगडला तर त्याला चलनघट म्हणत नाहीत. तिथे एका मालाचा भाव उतरतो आणि गिऱ्हाइकाचे वाचलेले पैसे दुसरीकडे खर्च होतात. चलनघटीत सगळी भावपातळीच, म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांकच, दीर्घकाळ खाली सरकत राहतो. वस्तूंमागोमाग सेवा, भाडी आणि शेवटी पगारही खाली येतात. ‘महागाई घटली’ ही बातमीसुद्धा वेगळी. निर्देशांक 100 वरून 106 आणि पुढच्या वर्षी 108 झाला, तर महागाईचा दर 6 टक्क्यांवरून जेमतेम 2 वर आला, पण भाव वाढलेच. तुझ्या खर्ड्यात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

उदाहरण म्हणून जपान घे. तिथे शेअर बाजाराचा फुगा 1989 च्या अखेरीस शिखरावर होता, जमिनीचा 1991 च्या सुमारास. टोकियो, ओसाकासारख्या सहा मोठ्या शहरांतल्या व्यापारी जमिनीचे भाव पुढच्या दहा वर्षांत तीन चतुर्थांशाहून जास्त उतरले. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये यामाइची सिक्युरिटीज आणि होक्काइडो ताकुशोकू बँक कोसळल्या. त्यानंतर ग्राहक किंमत निर्देशांक खाली सरकू लागला. घसरण वर्षाला साधारण अर्धा-एक टक्काच होती, पण ती वर्षानुवर्षं चालली. आकडा एवढा लहान, तरी नुकसान मोठं, यामुळेच हे उदाहरण शिकण्यासारखं आहे.

आता थांबण्याचं गणित. बँकेत व्याज शून्य आणि भाव वर्षाला 2 टक्क्यांनी उतरतायत असं धर. म्हणजे नुसते पैसे हातात ठेवूनही 2 टक्के कमाई होते. दूध, तांदूळ, औषध यांच्यासाठी कुणी थांबत नाही. बंद पडलेला फ्रिजही लोक लगेच बदलतात. पण चालू असलेला जुना फ्रिज दहाऐवजी बारा वर्षं वापरणं सहज शक्य असतं. दहा लाख घरांच्या शहरात दहा वर्षांनी फ्रिज बदलायची रीत असेल, तर वर्षाला एक लाख फ्रिज खपतात. बारा वर्षांनी बदलू लागले की खप 83 हजारांवर येतो. एकाही घराने फ्रिज घेणं सोडलेलं नाही, तरी कारखान्याचं सतरा टक्के काम गेलं. घराच्या बाबतीत थांबण्याचा मोबदला आणखी मोठा असतो. 3 कोटी येनचं घर वर्षाला 3 टक्क्यांनी उतरत असेल, तर वर्षभर थांबल्याचे 9 लाख येन, म्हणजे महिन्याला 75 हजार. घरभाड्याचा मोठा हिस्सा त्यातच सुटतो.

लोक खरंच असा हिशेब करतात का? याचा पुरावा उलट्या दिशेने मिळतो. जपानने 2014 च्या एप्रिलमध्ये उपभोग कर 5 वरून 8 टक्क्यांवर नेला. तारीख आधीच जाहीर होती, त्यामुळे मार्चअखेरपर्यंत गाड्या आणि घरगुती उपकरणांसाठी झुंबड उडाली. पुढच्याच तिमाहीत देशाचं उत्पादन वार्षिक दराने सुमारे 7 टक्क्यांनी आकसलं. भाव वाढणार याची खात्री असल्याने लोकांनी खरेदी पुढे ओढली. भाव उतरणार याची खात्री असेल तर ती मागे ढकलतात. मात्र करवाढ एका ठरलेल्या दिवशी होते आणि चलनघट रेंगाळते, त्यामुळे तिचा धक्का असा ठळक दिसत नाही.

इथवर तुझं वाक्य बरोबर आहे. मात्र माझ्या मते जपानचं जास्त नुकसान कर्ज आणि पगार यांनी केलं. कर्जाचा आकडा भावांबरोबर खाली येत नाही. कल्पनेतलं एक कुटुंब घे: 3 कोटी येनचं घर, सगळी रक्कम कर्जाने, 35 वर्षं मुदत, 2.5 टक्के स्थिर व्याज. महिन्याचा हप्ता साधारण 1 लाख 7 हजार येन. वर्षाला 50 लाखांचा पगार दरवर्षी 1 टक्क्याने घटत गेला, तर दहा वर्षांनी तो 45 लाखांच्या आसपास येतो. हप्ता तोच, पण तो आधी पगाराच्या 26 टक्के होता, आता 28 टक्क्यांच्या वर. तेवढ्यात घर वर्षाला 3 टक्क्यांनी उतरून 2 कोटी 21 लाखांवर आलेलं असतं, आणि कर्ज 2 कोटी 39 लाख बाकी. घर विकूनही ते फिटत नाही. असं कुटुंब फ्रिज स्वस्त होईल म्हणून थांबत नाही, त्याला परवडत नाही म्हणून थांबतं. कंपन्यांचंही तेच झालं. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जपानी कंपन्या नवी यंत्रं घेण्यापेक्षा जुनी कर्जं फेडत बसल्या.

पगार का घटले, हे गल्लीतल्या खाणावळीत बघायला मिळतं. योशिनोया या साखळीने 2001 मध्ये आपली भात-गोमांसाची वाटी 400 येनांवरून 280 वर आणली. गिऱ्हाईक खूश होतं, पण अशा भावात धंदा चालवायचा तर मजुरीवरचा खर्च दाबावा लागतो. मालकांनी कायम नोकऱ्यांच्या जागी अर्धवेळ आणि कंत्राटी माणसं घेतली. अशा कामगारांचं प्रमाण 1990 मध्ये पाचात एक होतं, ते 2010 पर्यंत तिनात एकावर गेलं. कमी पगाराचा माणूस पुन्हा सर्वांत स्वस्त वाटीच शोधतो, आणि शेजारच्या दुकानालाही भाव उतरवावा लागतो.

मध्यवर्ती बँकेची अडचण इथे येते. बँक ऑफ जपानने 1999 च्या फेब्रुवारीत व्याजदर शून्यावर आणला. पण भाव 1 टक्क्याने उतरत असतील तर शून्य व्याजाचं कर्जही प्रत्यक्षात 1 टक्क्याचं पडतं, आणि दर शून्याच्या फार खाली नेता येत नाहीत, कारण लोक नोटाच घरात ठेवतील. 2001 पासून बँकेने रोखे विकत घेऊन पैसा ओतला, 2013 मध्ये 2 टक्के महागाईचं उद्दिष्ट जाहीर केलं, 2016 मध्ये उणे व्याजदरही आणला. तरी ‘भाव वाढायचेच नाहीत’ ही समजूत हटेना. त्याच वर्षी गारिगारी-कुन या बर्फाच्या कांडीचा भाव पंचवीस वर्षांनी 60 वरून 70 येन झाला, तेव्हा कंपनीने कर्मचारी वाकून माफी मागतायत अशी जाहिरात दाखवली.

तेव्हा टिपण पुन्हा लिहिताना तीन आकडे शेजारी शेजारी मांड: ताजी भाजी-मासळी वगळून ग्राहक किंमत निर्देशांक, सरासरी पगार आणि कर्जाची मागणी. भाव एकटेच उतरत असतील आणि पगार टिकून असतील, तर कच्चं तेल स्वस्त झालंय का ते आधी तपास. ती घसरण ग्राहकाच्या फायद्याची असते. तिन्ही एकत्र खाली जात असतील तरच चलनघटीचा शब्द वापर. जपानमध्ये बँकेने 2024 च्या मार्चमध्ये उणे व्याजदर सोडला, तोही भाव वाढले एवढ्यावर नाही. त्या वर्षीच्या वसंत ऋतूतल्या पगारवाटाघाटींत मोठ्या कंपन्यांनी 5 टक्क्यांहून जास्त वाढ मान्य केल्यावरच तिने हे पाऊल उचललं. खर्डा सुधारून पाठव. फ्रिजचं गणित ठेव, पण कर्जाचं त्याच्या आधी घे.

तुझा हितचिंतक