पालकगटातून थकून परत येत असाल तर

प्रश्न: «मुलाला ऑटिझम असल्याचे निदान होऊन सहा महिने झाले. पालकगटाला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा घरी येताना आधीपेक्षा जास्त थकले होते. गट असाच असतो का? जाणे सोडून द्यावे का?»

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. बारा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाची आई आहे. त्यामुळे हे एका पालकाचे मत समजून वाचावे. तुमचा प्रश्न वाचला आणि माझा पहिला गट आठवला.

तो गट मुलगा जिथे थेरपीसाठी जात असे त्या केंद्राने चालवलेला होता. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, रात्री दोनला झोपायचा आणि चारला उठायचा. तिसऱ्या सत्रात मी एवढेच म्हणाले की चार महिने मी सलग तीन तास झोपलेले नाही. पुढची वीस मिनिटे मला उपायच उपाय मिळाले. जाड पडदे लावा, संध्याकाळनंतर मोबाइल देऊ नका, आहार बदला, अमुक औषधाबद्दल विचारा. आणि शेवटी संचालिकाबाई म्हणाल्या, की दिनक्रमात आईनेच सातत्य ठेवले नाही तर मूल तरी काय करणार. मी सर्वांचे आभार मानले आणि पुन्हा तिकडे गेले नाही. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मी कोणाशीच याबद्दल बोलले नाही. माझे सर्वांत मोठे नुकसान त्या दीड वर्षात झाले.

चूक कुठे होती हे मला नंतर कळले. मुलासाठी कौशल्ये शिकवणारे प्रशिक्षण आणि पालकांचा आधारगट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा प्रशिक्षणक्रम नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी असा बांधलेला आहे. तिथे सूचना मिळणे योग्यच, कारण आपण शिकायलाच गेलेलो असतो. आधारगटात मात्र बोलणाऱ्याने न मागितलेला सल्ला, तो कितीही खरा असला तरी, «तू पुरेसे करत नाहीस» असाच ऐकू येतो. आमच्या केंद्राने दोन्ही एकाच तासात कोंबले होते.

दुसऱ्या गटात आम्ही नऊ जण होतो आणि दर पंधरा दिवसांनी दीड तास भेटत असू. पहिली पंधरा मिनिटे प्रत्येकाने एक-दोन वाक्ये बोलायची, पण ती मुलाबद्दल नव्हे तर स्वतःबद्दल. हे सुरुवातीला फार जड जाते, कारण तोंडातून मुलाचेच नाव येते. नंतर दोघांना प्रत्येकी पंचवीस मिनिटे मिळत. त्यांतली पहिली दहा मिनिटे कोणीही मध्ये बोलायचे नाही, पुढे फक्त प्रश्न विचारायचे आणि मग समन्वयकाने विचारायचे, «तुम्हाला उपाय ऐकायचे आहेत का?» नको म्हटले तर विषय तिथेच थांबे. प्रमाणपत्रे, शाळाप्रवेश, थेरपिस्ट यांची माहिती शेवटच्या वीस मिनिटांत, आणि उरलेली पाच मिनिटे निरोपाची. शेजारच्या खोलीत दोन स्वयंसेवक मुलांना सांभाळत. ही सोय नसेल तर ज्यांच्या घरी मूल सांभाळायला माणूस आहे तेवढेच पालक येतात आणि ज्यांना गटाची खरी गरज आहे ते बाहेर राहतात.

त्या गटात मी झोपेबद्दल पुन्हा बोलले, तेव्हा पहिला प्रश्न आला, «तुम्ही स्वतः डॉक्टरांकडे शेवटचे कधी गेला होतात?» मला आठवेना. समन्वयकाने सत्र संपल्यावर बाजूला बसून नैराश्याची लक्षणे तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारणाऱ्या या प्रश्नावलीत 27 पैकी माझे 17 गुण आले. एवढ्यावरून निदान होत नाही, पण 10 किंवा त्याहून अधिक गुण आले तर तज्ज्ञांना भेटावे असे साधारणपणे मानले जाते. गटाने मला बरे केले नाही. गटाने मला मनोविकारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवले. माझ्या मते काळजीवाहू पालकाच्या ताणाबाबत गटाचे काम तेवढेच असते, आणि ते फार मोठे काम आहे. स्वतःला किंवा मुलाला इजा करण्याचे विचार येत असतील तर मात्र पुढच्या सत्राची वाट पाहू नये. त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगून डॉक्टरांकडे जावे.

गट सोडावा का, हे ठरवण्याआधी समन्वयकाला एकांतात विचारा, की न मागितलेल्या सल्ल्याबद्दल गटाचा काही नियम आहे का आणि इथे बोललेले बाहेर जात नाही ना. माझ्या त्या पहिल्या केंद्रात बोललेले गुप्तही राहत नव्हते, कारण माझ्या झोपेची गोष्ट आठवडाभरात थेरपिस्टने मलाच ऐकवली होती. उत्तर टाळले गेले तर दुसरा गट शोधा. नियम असूनही तो पाळला जात नसेल तर पुढच्या वेळी बोलण्याआधीच सांगा, «मला आज उपाय नकोत, फक्त ऐका.» त्यानंतरही दोन सत्रे तसाच थकवा आला, तर तो गट सोडण्यात तुमचा काहीही दोष नाही.