लग्नाचा पैसा वेगळा, म्हातारपणाचा वेगळा

"मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या लग्नासाठी आम्ही वेगळं असं काहीच साठवलेलं नाही. आमचे हे म्हणतात, ती सव्वीसची होईल तेव्हा मी अठ्ठावन्नचा होऊन रिटायर होईन, पीएफ हातात येईल, त्यातूनच लग्न करू, वेगळी कटकट कशाला? हिशोब जुळतोय असं वाटतं, पण मला धाकधूक वाटते."

दोघे समोर बसले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांच्या हिशोबातली वर्षं जुळत होती आणि धोका नेमका तिथेच होता. मूल तिशीच्या आसपास झालं की त्याचं लग्न आणि आपली निवृत्ती एकाच सुमारास येतात. आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम खात्यात जमा होते त्याच वर्षी सगळ्यात मोठा खर्च दारात उभा असतो. तेव्हा घरात कोणी "इतके नको" म्हणत नाही, कारण पैसे समोर दिसत असतात. पीएफमधून लग्नासाठी नोकरीत असतानाही रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही. सोय म्हणून हे बरं आहे, पण काढलेली रक्कम पुन्हा जागेवर आणायला कोणी मागे लागत नाही.

मी आधी लग्नाबद्दल बोललेच नाही. घरखर्च विचारला. महिना ३५ हजार. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर पंधरा वर्षांनी हाच संसार चालवायला महिना सुमारे ८४ हजार लागतील, म्हणजे वर्षाला जवळपास १० लाख. त्यांच्या पीएफमध्ये आज ९ लाख आहेत, त्यांचा आणि कंपनीचा मिळून महिना ९ हजार जमा होतात. पगारवाढ धरून आणि सध्याचा ८.२५ टक्के व्याजदर टिकेल असं समजून, निवृत्तीला ७२ लाखांच्या आसपास होतात. आकडा ऐकून त्यांचा चेहरा खुलला. मग मी ७२ ला १० ने भागलं. पुढे व्याज महागाईइतकंच मिळालं, तर सात वर्षं. पासष्टीपर्यंत. पीएफसोबतची पेन्शन साधारणपणे महिना साडेसात हजारांच्या पुढे जात नाही, तेव्हा तिच्या जोरावर फार काही बदलत नाही.

त्यानंतर लग्न. त्यांनी आधी "पंधरा-वीस लाख तर लागतातच" असं म्हटलं होतं. मी कागद पुढे केला आणि आजच्या भावाने एकेक बाब लिहायला सांगितली: कार्यालय, किती पानं उठणार, कपडे, आहेर-मानपान, फोटो, गुरुजी, गाड्या. लिहिताना ताईंनीच दोन गोष्टी खोडल्या. "खर्च अर्धा-अर्धा करणारे खूप असतात हो हल्ली," असंही त्याच म्हणाल्या. सोनं आईचं पाच तोळे मुलीसाठी ठेवलेलं आहे, म्हणून ते यादीत घेतलं नाही. आकडा आला ८ लाख. लग्नाचा खर्च घरखर्चापेक्षा जरा वेगाने वाढतो असं मानून ७ टक्के धरले, तर पंधरा वर्षांनी २२ लाख.

हे २२ लाख पीएफमधून गेले, तर उरतात ५० लाख. सात वर्षांची पाच होतात. दादा बराच वेळ कागदाकडे बघत होते.

मग हे २२ लाख उभे कसे करायचे? दरमहा तीच रक्कम ठेवली, तर ९ टक्के परताव्याने सुमारे ५,८०० रुपये लागतात. पण रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवली, तर सुरुवात ३,२०० रुपयांपासून होते. शेवटच्या वर्षी ती १२ हजारांवर जाते, पण तोवर पगारही वाढलेला असतो. वाढ मात्र एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता, सुरू करतानाच फॉर्मवर लिहून टाका. दरवर्षी आपण होऊन वाढवू म्हणणारी माणसं वाढवत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. ९ टक्क्यांची हमी कोणी देत नाही, म्हणून खुणा ठरवल्या: पाच वर्षांनी २.९ लाख आणि दहा वर्षांनी ९.२ लाख जमलेले दिसले पाहिजेत. कमी दिसले तर हप्ता वाढवायचा किंवा यादी लहान करायची. पीएफकडे बघायचं नाही.

त्यांच्याकडे महिन्याला १२ हजार शिल्लक पडत होते. ३,२०० लग्नाला, बाकीचे ८,८०० निवृत्तीला. तेही दरवर्षी तसेच वाढत गेले, तर पीएफचे ७२ आणि हे ६० लाख मिळून सातच्या जागी तेरा वर्षं निघतात. तरी पूर्ण नाहीच. म्हणून माझा आग्रह असतो की हात आखडता घ्यायची वेळ आली, तर लग्नाचा हप्ता आधी थांबवा, निवृत्तीचा नाही. लग्न शंभर माणसांत करता येतं.

सुकन्या समृद्धी या सरकारी बचत योजनेचं खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, त्यामुळे ती वाट बंद झाली होती. लहान मुली असलेल्यांनी तिचा विचार जरूर करावा: जमा झालेले पैसे सहज हाताशी येत नाहीत आणि मुलगी अठराची झाल्यावर तिच्या लग्नासाठी खातं बंद करता येतं. इथे आम्ही सेन्सेक्ससारख्या निर्देशांकाच्या मागे चालणारा इंडेक्स फंड घेतला, वडिलांच्या नावावर, वेगळ्या फोलिओत, म्हणजे फंडातल्या स्वतंत्र खात्यात. मुलीच्या नावावर घ्यायचा विचार होता. पण अल्पवयीन मुलीच्या नावावरचा फोलिओ ती अठराची झाली की थांबतो. केवायसी नव्याने करेपर्यंत हप्ते जात नाहीत आणि त्यानंतर पैसा कायद्याने तिचा असतो. बारावीनंतर तो कुठे जाईल, हे आज कोण सांगणार?

शेवटची पाच वर्षं वेगळी वागायची असतात. २०२० च्या जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांवर होता आणि २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. पुढे तो सावरला, पण एप्रिलचा मुहूर्त ज्यांनी धरला होता त्यांना त्या सावरण्याचा काय उपयोग? म्हणून मुलगी एकवीसची झाली की दरवर्षी जमलेल्यातला एक भाग मुदत ठेवीत हलवायचा. पहिल्या वर्षी पाचवा हिस्सा, मग उरलेल्याचा चौथा, तिसरा, निम्मा आणि शेवटी सगळा. नवा हप्ताही शेवटची दोन वर्षं बँकेतच. परतावा थोडा कमी होईल, पण लग्न ती तेवीसची झाल्यावर ठरलं तरी पैसे अर्ध्याहून जास्त सुरक्षित ठिकाणी असतील.

निघताना दादांनी विचारलं, "आणि मधेच तिच्या शिक्षणाला कमी पडले तर?" हा प्रश्न त्यांनी विचारला याचं मला बरं वाटलं. तशी वेळ आली, तर आधी शैक्षणिक कर्ज बघा, त्याचे हप्ते ती कमावती झाल्यावर फेडेल. तेही पुरलं नाही, तर लग्नाच्या फोलिओतून काढा आणि लग्नाची यादी त्याच दिवशी तेवढ्याने कमी करा. ताईंनी ते त्याच कागदावर, ८ लाखांच्या खाली लिहून घेतलं.