व्ह आणि व, झ आणि ज: इंटरव्ह्यूत नेमकं काय चुकतं?

प्रश्न: मी सोलापूरचा, शिक्षण मराठी माध्यमातून. टॉवेलच्या कारखान्यात पाच वर्षं सुपरवायझर आहे. पुढच्या महिन्यात पुण्याच्या कंपनीचा इंटरव्ह्यू आहे, पहिली फेरी फोनवर. माझा व्ही आणि डब्ल्यू एकसारखाच येतो आणि झेडचा ज होतो, असं मित्र म्हणतात. कसं सुधारू?

उत्तर:

मित्रांचं बरोबर आहे, पण जिभेला दोष देऊ नका. घोटाळा बराचसा लिपीतून येतो.

आपला मराठी व ना व्ही आहे, ना डब्ल्यू. 'वाट' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ जातो, पण घासत नाही, आणि ओठांचा नीट गोलही होत नाही. सोलापुरात कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे शेजारी भरपूर असले तरी इथे त्यांचा उपयोग नाही, कारण त्यांच्याही भाषेत या दोघांसाठी एकच आवाज आहे. आपण रोमन लिपीत 'वालचंद' डब्ल्यूने लिहितो आणि 'विजापूर रोड' व्हीने, तरी तोंडातून दोन्हीकडे तोच व येतो.

त्यात भर म्हणजे इंग्रजी व्ही देवनागरीत आपण 'व्ह' लिहितो: व्हॅन, व्होट, व्हिडिओ. हा ह केवळ खूण म्हणून आहे, पण वाचणारा तो खरंच उच्चारतो आणि व्हीवर श्वासाचा झोत बसतो. शिवाय व्हॉट्सॲप, व्हाइट, व्हील हेही आपण व्ह नेच लिहितो आणि त्या शब्दांत आहे डब्ल्यू! म्हणजे एकाच अक्षरात दोन विरुद्ध आवाज. म्हणून पहिलं काम हे करा की सरावाची वाक्यं देवनागरीत लिहू नका. रोमन लिपीत लिहा आणि स्पेलिंग बघून बोला.

आता व्ही. खालच्या ओठाची आतली कड वरच्या दातांना हलकेच टेकवा आणि आवाज सुरू करा. हा आवाज तीन सेकंद ओढता आला पाहिजे आणि ओठात मुंग्या आल्यासारखी गुणगुण जाणवली पाहिजे. ओठ जोरात चावलात तर आवाज अडतो आणि ब सारखा फुटतो. तळहात तोंडासमोर धरा: सुरुवातीलाच हवेचा धक्का लागला तर ह शिरलाय असं समजा.

डब्ल्यूत दातांचं काहीच काम नाही. शिट्टी मारताना करतो तसे ओठ गोल करा, 'उ' म्हणा आणि तिथूनच पुढच्या स्वरावर सरका. पश्चिमेचा 'वेस्ट' म्हणजे उ-एस्ट, पटकन जोडलेलं. आतून घालायच्या बनियनचा 'व्हेस्ट' मात्र दातांवरून सुरू होतो. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून बघा. डब्ल्यूच्या वेळी वरचे दात खालच्या ओठाला लागलेले दिसले तर चूक तिथेच आहे.

व्ही जमायला लागला की बहुतेकांचं उलटं होतं: सगळीकडेच व्ही येतो, आणि 'व्हेरी वेल' चं 'व्हेरी व्हेल' होतं. म्हणून दोन्ही आवाज पहिल्या दिवसापासून जोडीनेच घोका.

झेडची गोष्ट थोडी वेगळी. मराठीत ज दोन आहेत, 'जीभ' मधला आणि 'आज' मधला. दुसरा झेडच्या बराच जवळ आहे, फक्त त्याच्या सुरुवातीला जीभ टाळ्याच्या पुढच्या भागाला चिकटून सुटते. झेडमध्ये ती चिकटतच नाही. लांब 'स्स्स' सुरू करा, बोटं गळ्यावर ठेवा आणि जीभ न हलवता आवाज चालू करा. गळा थरथरू लागला की तो झेड. हाही तीन सेकंद ओढता येतो, 'जीभ' चा ज ओढता येत नाही. झिरो, झिप अशा शब्दांत पुढे इ असल्यामुळे आपली सवय जीभ मागे खेचते आणि 'जिरो' होतं. तिथे आधी स चा आवाज मनात धरा. 'सीझ' म्हणजे जप्त करणं आणि 'सीज' म्हणजे वेढा, ही जोडी घोकायला चांगली. उर्दू बोलणारा मित्र असेल तर त्याच्याकडून 'ज़मीन' चार वेळा ऐका, इथे शेजाऱ्यांचा उपयोग आहे.

खरी मेख अशी की इंग्रजीत झेड बहुतेक वेळा एस चा वेश घेऊन येतो. तुमच्याच ओळखीचं वाक्य घेऊ:

आय'व्ह वर्क्ट ॲझ अ सुपरव्हायझर इन अ वीव्हिंग युनिट फॉर फाइव्ह इयर्झ.

यात व्ही चार आहेत: आय'व्ह, सुपरव्हायझर, वीव्हिंग, फाइव्ह. डब्ल्यू दोन: वर्क्ट आणि वीव्हिंग. झेड तीन, आणि स्पेलिंगमध्ये तिन्ही ठिकाणी एस: ॲझ, सुपरव्हायझर, इयर्झ. कागदावर व्हीखाली रेघ, डब्ल्यूभोवती गोल आणि झेड होणाऱ्या एसखाली टिंब द्या. 'वर्क्ट' च्या शेवटी ट आहे, 'वर्केड' म्हणू नका.

'वीव्हिंग' मध्ये दोन्ही आवाज एका शब्दात आहेत, म्हणून तो सुटा काढा. गोल ओठांनी 'उ-ई', मग ओठ दाताला, व्ही दोन सेकंद ओढा, मग 'इंग'. दहा वेळा असं सावकाश, नंतर दहा वेळा नेहमीच्या वेगात. 'फाइव्ह' मध्ये सुरुवातीला आणि शेवटी ओठ-दात एकाच जागी असतात, सुरुवातीला गळा गप्प, शेवटी चालू. तिथे 'फळ' सारखे दोन्ही ओठ मिटलेत तर एफ गेलाच.

फोनच्या फेरीसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीच्या साध्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो. स ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, त्यामुळे शब्दाच्या शेवटी स की झेड, हे सळसळीवरून नीट कळत नाही. इंग्रजी ऐकणारा तेव्हा आधीच्या स्वराची लांबी पकडतो. 'प्राइस' मधला स्वर आखूड, 'प्राइझ' मधला लांब. म्हणून 'इयर्झ' चा स्वर थोडा ताणा आणि शेवटचा झेड हलका सोडा, तो जोराने ठासायची गरज नाही.

तपासणी दुसऱ्याकडून करून घ्या. मित्राला पाठमोरं बसवा, वेस्ट आणि व्हेस्ट दहा वेळा उलटसुलट क्रमाने म्हणा, त्याने जे ऐकू येईल ते लिहायचं. आठ-नऊ बरोबर आले की पूर्ण वाक्याकडे जा. सुट्या शब्दांत जमलेलं वाक्यात पहिल्यांदा हमखास निसटतं, त्यामुळे तिथे वेग कमी करून रेकॉर्ड करा.

'थिंक' चा थ, ट आणि ड यांच्या मागे या महिन्यात लागू नका. आपल्याकडचा इंटरव्ह्यू घेणारा ते सहज समजतो. आणि तुमचं नाव, गाव, 'विजापूर रोड' हे आपल्या मराठी व नेच सांगा.