जॉब कार्डचा फोटो ते सर्व्हिसची नोंदवही: वाचकांचे प्रश्न

सर्व्हिस सेंटरने जॉब कार्ड दिलं आणि बिलही दिलं. नोंदवहीत कुठल्या कागदावरचे आकडे घ्यायचे?

पैशांचे आकडे बिलावरचे घ्या. गाडी आत घेतानाच जॉब कार्ड बनतं, त्यामुळे त्यावरची रक्कम अंदाजाची असते. काम करताना एखादा पार्ट वाढतो किंवा नको म्हणून रद्द होतो, आणि तो बदल जुन्या प्रिंटवर उतरतोच असं नाही. मात्र गाडी आत घेतानाचं किलोमीटर रीडिंग आणि तुम्ही सांगितलेल्या तक्रारी बहुधा कार्डावरच सापडतात. पुढच्या सर्व्हिसची नोंदही बऱ्याचदा तिथेच असते. म्हणून दोन्ही कागदांचे फोटो काढा आणि जॉब कार्ड नंबरने ते एकमेकांना जोडा, कारण तो नंबर सहसा बिलावरही छापलेला असतो.

फोटो काढताना कागद सपाट ठेवा, फोन त्याला समांतर धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. पूर्ण पानाचा एक फोटो घ्या आणि पार्ट्सच्या तक्त्याचा दुसरा, जवळून. कार्बन कॉपी असेल तर खिडकीजवळच्या उजेडात काढा. घडी नेमकी रकमेच्या रकान्यावरून गेली असेल, तर तिथला एखादा अंक हमखास चुकीचा वाचला जातो.

गूगल लेन्सने मजकूर उचलला तर इंजिन ऑइल ३१ लिटर आलं! प्रत्येक आकडा डोळ्यांनी तपासत बसायचं का?

गरज नाही, कारण बिल स्वतःच स्वतःचा पडताळा देतं. संख्या गुणिले दर म्हणजे रक्कम. ओळींची बेरीज म्हणजे करपात्र रक्कम, आणि तिच्यावर कर लावला की एकूण. या साखळीत एक अंक जरी चुकला तरी ती कुठे तुटली ते दिसतं.

समजा, ५ नोव्हेंबर २०२५ चं बिल आहे. ऑइलची संख्या ३१, दर ४२० आणि रक्कम १३०२ अशी वाचली गेली. ३१ गुणिले ४२० म्हणजे १३,०२०, म्हणजे हिशेब जमत नाही. आता उलटं करा: १३०२ भागिले ४२० म्हणजे ३.१. कागदावर ३.१ लिटरच होतं, फक्त दशांशचिन्हाचा ठिपका हरवला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटवर हे फार होतं, कारण तिथे आकडेही ठिपक्यांचेच बनलेले असतात आणि दशांशाचा ठिपका त्यात बुडून जातो. एक नग दाखवणारं १.०० हे १०० होतं, तेही याच कारणाने.

पुढे ऑइल फिल्टर ९५, ड्रेन प्लगचा वॉशर १२, एअर फिल्टर २६५. पार्ट्स झाले १६७४. लेबरमध्ये सर्व्हिसचे १२०० आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे ४५०, मिळून १६५०. करपात्र रक्कम ३३२४. त्यावर ९ टक्के सीजीएसटी २९९.१६ आणि तितकाच एसजीएसटी. एकूण ३९२२.३२, आणि बिलावर राउंड ऑफ करून ३९२२. हे जुळलं की मधला प्रत्येक आकडा बरोबर वाचला गेलाय असं धरायला हरकत नाही.

जुनी बिलं उतरवताना एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्ट्सवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बहुतेक पार्ट्सवर २८ आणि लेबरवर १८ टक्के होता. त्यामुळे त्या तारखेआधीच्या बिलात पार्ट्स आणि लेबर यांचा कर वेगवेगळा काढूनच पडताळा घ्या.

रकमेचा पडताळा चॅसी नंबरला मात्र लागू पडत नाही. तिथे वेगळा नियम उपयोगी येतो: १७ अक्षर-अंकांच्या त्या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. ओ दिसला तर तो शून्य समजा, आय दिसला तर एक.

आमच्या गल्लीतला मेकॅनिक हाताने लिहितो: "ऑइल + फिल्टर + मजुरी १४५०". यातली मजुरी वेगळी कशी काढू?

काढू नका. बाजारभावाने ऑइलची किंमत वजा करून उरलेली रक्कम मजुरी म्हणून लिहिली, तर वर्षभराने तो आकडा खरा की तुमचा अंदाज, हे तुम्हालाही कळणार नाही. पार्ट्सची नावं लिहा, एकूण १४५० लिहा, लेबरचा रकाना रिकामा ठेवा आणि शेऱ्यात "एकत्र रक्कम" अशी नोंद करा. रिकामा रकाना आणि शून्य यांतही फरक आहे. शून्य म्हणजे मजुरी घेतलीच नाही, जसं फ्री सर्व्हिसमध्ये होतं.

अशा कागदांवर पार्टची किंमत बहुधा एमआरपीने लिहिलेली असते आणि एमआरपीत कर आलेलाच असतो. त्यावर पुन्हा १८ टक्के चढवू नका. सर्वांत सोपं म्हणजे गाडी ताब्यात घेतानाच मेकॅनिककडून मजुरीचा आकडा वेगळ्या ओळीत लिहून घ्यायचा.

पुढच्या सर्व्हिसची तारीख दर वेळी चुकीची पडते. एकदा तर तीन वर्षांपूर्वीची आली.

तीन वर्षांपूर्वीची आली ती बहुधा गाडीच्या विक्रीची तारीख. कार्डावर विक्रीची तारीख, गाडी आत आल्याची तारीख आणि गाडी परत देण्याची कबूल केलेली वेळ असं बरंच काही असतं. विक्रीची तारीख गाडीच्या तपशिलात, म्हणजे बरीच वर असते, म्हणून मजकुरातली पहिली तारीख उचलली की तीच हाती लागते. तारीख नेहमी तिच्या शेजारच्या शब्दावरून ओळखा. "नेक्स्ट सर्व्हिस" किंवा "ड्यू" असं लिहिलंय त्याच ओळीतली घ्या.

दुसरी चूक शीटमध्ये होते. शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर ०५/११/२५ चं ११ मे होतं, तेही गुपचूप. १३/११/२५ ला मात्र तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीख मजकूर म्हणूनच राहते आणि रकान्यात डावीकडे चिकटते. काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की समजा, उजवीकडच्याही उलटल्या आहेत. गूगल शीट्समध्ये `File > Settings > Locale` इथे `India` निवडा आणि तारखा पुन्हा भरा.

कार्डावर "१०,००० कि.मी. किंवा १२ महिने, जे आधी होईल ते" असं असेल, तर नुसतं वर्ष पुढे ढकलून भागत नाही. वरच्याच गाडीचं ८ मार्च २०२५ ला रीडिंग ३०,१२० होतं आणि ५ नोव्हेंबरला ३८,४२०. म्हणजे २४२ दिवसांत ८,३०० कि.मी., दिवसाला सुमारे ३४. या वेगाने १०,००० कि.मी. साधारण २९२ दिवसांत भरतात, म्हणजे सर्व्हिस ऑगस्ट २०२६ च्या २४ तारखेच्या आसपास येते, नोव्हेंबरची वाट पाहत नाही. 'ए' रकान्यात तारीख आणि 'बी' रकान्यात रीडिंग असेल, तर तिसऱ्या ओळीसाठी हे सूत्र:

```
=MIN(EDATE(A3,12), A3+10000/((B3-B2)/(A3-A2)))
```

आकडा ४६ हजारांच्या घरातला दिसला तर त्या रकान्याला तारखेचं स्वरूप द्या.

रोजच्या किलोमीटरवरून उलटी तारीखही पकडता येते. ५ नोव्हेंबरचं ११ मे झालं असतं, तर तेच ८,३०० कि.मी. ६४ दिवसांत भरल्यासारखे दिसले असते, म्हणजे दिवसाला १३०. रोज ऑफिसला जाऊन येणाऱ्या गाडीचा आकडा असा एकाएकी चौपट झाला, तर आधी तारीख तपासा आणि मग रीडिंग.

एका भेटीची एक ओळ ठेवू की प्रत्येक पार्टची?

दोन पानं करा. पहिल्या पानावर भेटी: जॉब कार्ड नंबर, तारीख, रीडिंग, पार्ट्स, लेबर, कर, एकूण आणि पुढची सर्व्हिस. दुसऱ्या पानावर दर पार्टची एक ओळ, तिच्या सुरुवातीला तोच जॉब कार्ड नंबर. एअर फिल्टर मागे कधी बदलला हे शोधायला दुसरं पान लागतं. फोटोच्या फाइललाही तोच नंबर द्या, म्हणजे आकड्याबद्दल शंका आली की मूळ कागद लगेच उघडता येतो.