८०सी भरण्याआधी दोन्हीकडचा कर काढ

तुझा पगार वर्षाला १२ लाख, दुसरं उत्पन्न नाही. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र ११.२५ लाख उरतात आणि ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य. जुन्या पद्धतीत ५० हजारांच्या वजावटीबरोबर ८०सी चे पूर्ण दीड लाख गुंतवलेस, तरी उरलेल्या १० लाखांवर सेससकट १,१७,००० रुपये कर बसतो. तिथे शून्यावर यायला ७ लाखांची वजावट लागते. घरभाडं किंवा गृहकर्जाचं व्याज नसेल तर ती सहसा जमत नाही. म्हणून मार्चमध्ये कुणी ‘कर वाचेल’ म्हणत पॉलिसीचा फॉर्म पुढे केला, तर सही करू नकोस. मी केली होती, पुढचे हप्ते फार जड गेले. पीपीएफ भरायचाच असेल तर जरूर भर, पण म्हातारपणासाठी.