ताळेबंद नाही जुळला तर?

*ताई, बारावीला बाकी सगळे विषय सुटले, पुस्तपालन राहिलं. शेवटच्या प्रश्नात ताळेबंद जुळेना, फरक शोधण्यात पाऊण तास गेला आणि विघटनाचं गणित कोरंच राहिलं. आता पुरवणी परीक्षेला पुन्हा तसंच झालं तर, या विचाराने वही उघडवत नाही.*

तू ताळेबंदामुळे नाही, त्या पाऊण तासामुळे अडकलीस. ऐंशी गुणांना तीन तास, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. अंतिम खात्यांच्या 12 गुणांना 27 मिनिटं येतात. अर्ध्या तासानंतर फरक असला तरी पुढच्या प्रश्नाला लाग. गुण नोंदींनाही असतात. मात्र जुळवायला खोटा आकडा घुसडू नकोस, तो तपासणाऱ्याला लगेच दिसतो.

आता फरक पडतो कुठे ते बघ. तेरजेतली रक्कम एकदाच येते, खालच्या समायोजनेतली दोनदा. बहुतेकींचा घोळ बुडीत कर्जात होतो. समज, तेरजेत ऋणको 62,000, बुडीत कर्ज 600, जुना आरडीडी 1,200. समायोजना अशी: आणखी 2,000 बुडीत लिहा आणि ऋणकोंवर 5 टक्के आरडीडी करा.

आधी 2,000 वजा कर, मग उरलेल्या 60,000 वर 5 टक्के काढ, म्हणजे 3,000. नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला 600, 2,000 आणि 3,000 मिळव, त्यातून जुने 1,200 वजा कर: 4,400. ताळेबंदात ऋणको 57,000. तेरजेतले 600 ऋणकोंतून पुन्हा वजा करायचे नाहीत, ते आधीच गेलेले असतात.

फरक 600 आला तर तेच केलंयस. 2,000 आला तर नवं बुडीत कर्ज एकाच ठिकाणी लिहिलंयस. 2,400 आला तर त्याचं निम्मं कर: 1,200, म्हणजे जुना आरडीडी वजा करायच्या ऐवजी मिळवलास. फरक दिसला की आधी तीच रक्कम प्रश्नात शोध, मग निम्मी. तीन-चार मिनिटांत नाही सापडला तर सोड.

आणि एक गंमत. 5 टक्के चुकून 62,000 वर काढलेस तर खर्च 4,500 होतो, ऋणको 56,900, आणि ताळेबंद मजेत जुळतो! म्हणून जुळला की गणित बरोबर, असं धरून चालू नकोस.

उद्यापासून प्रश्नपत्रिकेवरच पेन्सिलीने प्रत्येक समायोजनेपुढे पहिला परिणाम लिहिला की एक टिक, दुसरा लिहिला की दुसरी. बेरीज मारण्याआधी एकटी टिक कुठे उरलीय ते बघायचं. सुरुवात नव्या गणिताने नको. घरी बसून तोच जुना पेपर घे, घड्याळ लाव, आणि विघटनाचं गणित आधी सोडव.

— ताई